पंगतीतले निदान

आमच्या इंदूरच्या जुन्या घरी भाद्रपदात महालक्ष्म्या येतात. एरवी चार दिशांना विखुरलेली आमची चार बिऱ्हाडे त्या तीन दिवसांत एका छपराखाली नांदतात. ग्वाल्हेरहून आत्या येते, बडोद्याहून धाकटे काका येतात आणि ज्येष्ठा नक्षत्रावरच्या पुरणावरणाच्या जेवणाला चाळीसेक पाने मांडली जातात. काही वर्षांपूर्वीच्या अशाच एका पंगतीत मी एक वाक्य बोललो. ते तेव्हा कुणाच्याही लक्षात राहिले नाही. ज्या मुलीला उद्देशून ते होते तिच्या मात्र राहिले. आपल्या डॉक्टर मंडळींच्या स्मरणिकेत लिहायचे तर त्या एका वाक्याविषयीच लिहावे, असे मी ठरवले. त्या मुलीची आणि तिच्या आईवडिलांची संमती घेतली आहे आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

मुलगी माझ्या चुलतभावाची. वय तेरा. सहा महिन्यांनी तिला पाहणारी आत्या पंगतीत सहज म्हणाली, “पोरगी अंगानं चांगलीच भरली की गं! आत्तापासून आवर घातला नाही, तर पुढे कठीण आहे. काय रे डॉक्टर, खरं ना?” सगळी पंगत हसली. सर्वांच्या नजरा माझ्याकडे वळल्या. उत्तर द्यायचे म्हणून मीही म्हणालो, “हो, जरा गोडावर ताबा ठेवायला हरकत नाही.” त्याच क्षणी काकूंनी आग्रहाने तिच्या पानात आणखी एक पुरणपोळी वाढली. मुलीने मान खाली घातली. ती पोळी तिने खाल्ली नाही.

आत्याचे बोलणे हे आत्याचे बोलणे होते. माझ्या होकाराने त्याचे निदान झाले. आणि हे निदान मी वजनकाट्याशिवाय, उंची न मोजता, वाढीचा तक्ता न पाहता, हातात वाटी धरून केले होते.

पुढे तो तक्ता मी पाहिला, तो असा होता. अकराव्या वर्षी तिची उंची १४२ सेंटिमीटर आणि वजन ३६ किलो, म्हणजे बीएमआय १७.९. तेराव्या वर्षी उंची १५४ आणि वजन ४७, म्हणजे बीएमआय १९.८. दोन वर्षांत अकरा किलो वाढले, हे ऐकून घरातले दचकतात. पण त्याच दोन वर्षांत ती बारा सेंटिमीटर उंचही झाली होती आणि तिची पाळी सुरू झाली होती. वयात येताना मुलीच्या शरीरात चरबीचे प्रमाण वाढते, कंबर आणि मांड्या भरतात. हा निसर्गाचा क्रम आहे, बेशिस्तीचे फळ नव्हे. मुलांसाठी प्रौढांसारखा एकच आकडा चालत नाही. भारतीय बालरोगतज्ज्ञ संघटनेने २०१५ साली सुधारून दिलेल्या तक्त्यांवर वय आणि लिंगाच्या संदर्भात त्याचा ठिपका मांडावा लागतो. तिचा ठिपका जास्त वजनाच्या रेषेच्या खाली होता. ती जाड नव्हती. ती वाढत होती.

त्यानंतर जे घडले ते घरात कुणाला दिसले नाही, कारण रोज पाहणाऱ्या डोळ्याला बदल दिसत नाही. तिने आधी गोड सोडले. आईला कौतुक वाटले. मग रात्रीची पोळी सोडली. मग “शाळेतच खाल्लं” असे सांगू लागली. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला आलेल्या बायका म्हणाल्या, “अगंबाई, किती छान बारीक झालीस! काय केलंस?” या एका प्रश्नाने, ती पुढे मला म्हणाली, आपण बरोबर मार्गावर आहोत याची तिला खात्री पटली. आपण नावे ठेवण्याला दोष देतो आणि स्तुतीला निर्दोष समजतो. पण बारीक झाल्याची स्तुती हीसुद्धा शरीरावरची टिप्पणीच असते आणि उपाशी राहणाऱ्या मुलीला तीच सर्वांत घातक ठरते.

फेब्रुवारीत ती शाळेत प्रार्थनेला उभी असताना चक्कर येऊन पडली. वजन ३८.५ किलो, म्हणजे पाच महिन्यांत साडेआठ किलो, मूळ वजनाच्या अठरा टक्के कमी. जागेपणी नाडी मिनिटाला ४८. हातपाय गार. तीन महिने पाळी नव्हती आणि ही गोष्ट तिने आईपासून लपवली होती. तपासणारे बालरोगतज्ज्ञ माझे स्नेही. त्यांनी तिला त्याच दिवशी दाखल करून घेतले. नाडी दिवसा पन्नासच्या खाली असेल, तर हे डाएटिंगचे प्रकरण राहत नाही, हृदयाचे प्रकरण होते. इसीजी काढला, रक्तातील पोटॅशियम आणि फॉस्फेट पाहिले. आहार हळूहळू वाढवला, कारण दीर्घ उपासानंतर एकदम भरपूर खाऊ घातले तर फॉस्फेट झपाट्याने उतरते आणि तेच जिवावर बेतू शकते. घरातली वडीलधारी मंडळी डबे घेऊन दाराशी उभी होती. त्यांना हे समजावणे औषधापेक्षा अवघड गेले.

आठ दिवसांनी ती घरी आली. मानसोपचारतज्ज्ञांच्या सल्ल्याने काही काळ जेवणाचा ताबा आईवडिलांनी घेतला. काय आणि किती, हे ते ठरवतील. तीन जेवणे आणि मधली तीन खाणी आई किंवा बाबा शेजारी बसून होतील आणि ताटावर वजनाचा विषय निघणार नाही. घरातला वजनकाटा अडगळीत गेला. वजन आठवड्यातून एकदा, फक्त दवाखान्यात, तिची पाठ काट्याच्या आकड्याकडे करून. सुरुवातीला आठवड्याला अर्धा किलो वाढले, मग वेग मंदावला, मध्ये एकदा घसरलेही. पाळी परत यायला आठ महिने लागले. आज ती कॉलेजात आहे आणि बरी आहे.

इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. अशा आजाराला एकच वाक्य कारण होत नाही. स्वभाव, आनुवंशिकता, शाळेतील वातावरण, परिपूर्णतेचा हट्ट असे बरेच काही त्यात मिसळलेले असते. त्याच पंगतीत दुसऱ्या मुलीला कुणी तसेच म्हणाले असते, तर कदाचित ती जीभ दाखवून पळाली असती. पण कोणती मुलगी जीभ दाखवील आणि कोणती जेवण सोडील, हे वाढणाऱ्याला किंवा बोलणाऱ्याला आधी कळत नाही. म्हणूनच हा विषय ‘मुलांनी मन घट्ट करावे’ असे म्हणून सोडून देता येत नाही.

आत्याला मी दोष देत नाही. तिच्या लहानपणी घरात क्षयाने माणसे गेली होती. तेव्हा ‘अंग धरलं’ ही आनंदाची बातमी होती आणि ‘सुकलास’ ही काळजीची हाक. रेशनच्या रांगेत उभ्या राहिलेल्या त्या पिढीला माणसाचे बरेवाईट त्याच्या अंगावरून वाचायची सवय लागली. पुढे मधुमेह आणि रक्तदाब घरोघरी आले, तेव्हा त्याच नजरेने जाडीवर बोट ठेवायला सुरुवात केली. नजर जुनीच राहिली, भीती बदलली.

अडचण अशी, की ती नजर आता आपल्याला फसवते. पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांचा एक जोड-फोटो २००४ साली ‘लॅन्सेट’मध्ये छापून आला. आपल्यापैकी बऱ्याच जणांनी तो पाहिला असेल. दोघे सडपातळ, दोघांचा बीएमआय अगदी सारखा, २२.३. पण शरीरातील चरबी मोजली तेव्हा युडकिन यांची निघाली ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के. म्हणजे पंगतीत ज्याला आपण ‘काडीपैलवान’ म्हणून आणखी दोन जिलब्या वाढतो, त्याच्याच पोटात चरबी दडलेली असू शकते. आणि जिला ‘गुबगुबीत’ म्हणतो तिचे सर्व आकडे चोख असू शकतात. प्रौढ भारतीयांसाठी बीएमआय २३ पासूनच सावध व्हायचे आणि कंबर पुरुषात ९० व स्त्रीत ८० सेंटिमीटरच्या आत ठेवायची, हे आपण रुग्णांना सांगतो. त्यासाठी टेप लागते. नजरेला ते दिसत नाही.

बारीकपणावरची टिप्पणी तर अधिकच निरुपद्रवी मानली जाते. ओळखीच्या एका घरातला एकवीस वर्षांचा मुलगा. उंची १७२, वजन ५५, बीएमआय १८.६. वजन चार वर्षे स्थिर, भूक चांगली, तपासण्या ठीक. वडीलही तरुणपणी असेच होते. बहिणीच्या लग्नात त्याला तीन दिवसांत किती जणांनी विचारले असेल, “काय रे, घरी खायला घालत नाहीत का?” हा प्रश्न त्याच्याबरोबर त्याच्या आईलाही लागत होता. त्याने कुणाला न सांगता कुठून तरी लेबल नसलेली ‘अंग भरण्याची’ पूड आणली. चार महिन्यांत नऊ किलो वाढले. सर्वांनी वाहवा केली. मग चेहरा चंद्रासारखा गोल झाला, पोटावर जांभळट चरे उमटले, उपाशीपोटी साखर १४८ आली. घाबरून त्याने पूड एकाएकी बंद केली आणि चौथ्या दिवशी उलट्या, अशक्तपणा आणि उतरलेला रक्तदाब घेऊन माझ्याकडे आला. सकाळचे कॉर्टिसॉल नगण्य होते. असल्या पुडींमध्ये डेक्सामेथासोनसारखे स्टेरॉइड मिसळलेले असते, हे आपल्याला नवे नाही. शरीराची स्वतःची ग्रंथी त्याने निजते आणि ती जागी व्हायला महिने लागतात. घरात कुणी अशी पूड घेत असेल, तर ती परस्पर बंद करू नये, डॉक्टरांकडे घेऊन जावी, एवढे या निमित्ताने सर्वांना सांगतो.

आता मुद्द्याकडे येतो. अशा वेळी काय करावे? पुस्तके सांगतात, की ज्याच्यावर टिप्पणी झाली त्याने शांतपणे आपली मर्यादा सांगावी. आपल्या एकत्र कुटुंबात हे चालत नाही. तेरा वर्षांची मुलगी आजीच्या वयाच्या आत्याला भर पंगतीत ‘माझ्या अंगावर बोलू नका’ असे म्हणाली, तर पुढची दोन वर्षे चर्चा तिच्या उद्धटपणाची होईल. नवी सून तर तेवढेही म्हणू शकत नाही. माझे मत असे, की उत्तर देण्याची जबाबदारी त्या मुलीची नाहीच. ती बोलणाऱ्याच्या पायरीवरच्या माणसाची आहे. आत्याला आजीने थांबवावे, नणंदेला जावेने किंवा भावाने, काकाला काकाने. बरोबरीच्या माणसाने म्हटलेले घरात खपते. तेच लहानाने म्हटले तर अपमान होतो.

पुढच्या वर्षी हे काम माझ्या आईने केले. जेवण सुरू होते. आत्याची नजर एका भाचेसुनेवर गेली आणि “ही किती वाळलीय,” एवढे शब्द निघाले, तोच आई म्हणाली, “वन्सं, अंगाचं राहू द्या, आमटीला आंबटपणा बरोबर झालाय का तेवढं सांगा. तुमच्या हातची चव कुणाला साधत नाही.” विषय संपला. कुणाचा मान गेला नाही. एका वाक्यात थांबवणे आणि लगेच दुसरा विषय हाती देणे, यापलीकडे तिने काही केले नाही.

या उत्तरात काय नव्हते तेही पाहण्यासारखे आहे. आई ‘छे, कुठे वाळलीय, चांगली तर आहे’ असे म्हणाली नाही. प्रेमाने आपण नेहमी हीच चूक करतो. त्याने मुलीची बाजू घेतली जाते खरी, पण तिचे शरीर पानासारखे पंगतीच्या मधोमध मांडलेलेच राहते आणि दोन्हीकडून मते पडू लागतात. शरीराची वकिली करू नये, त्यावरचा खटलाच काढून टाकावा.

पंगतीतले उत्तर ही तात्पुरती मलमपट्टी. खरे काम आधीच, एकट्यात करायचे असते. त्या घटनेनंतर मी ग्वाल्हेरला गेलो तेव्हा आत्यापाशी बसलो. तिला उपदेश केला नाही. माझ्याकडून काय झाले ते सांगितले आणि मग मुलीचे काय झाले ते. ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, “अरे, मी मायेनं म्हणत होते.” मी म्हटले, “आत्या, माया होतीच. पण तुझी नजर आम्हाला हवी आहे आणि तुझं बोलणं पंगतीत नको आहे. कुणात बदल दिसला, तर तू मला फोन कर, नाहीतर तिच्या आईला बाजूला घेऊन सांग.”

हे मी तिची समजूत काढायला म्हटले नव्हते. सहा महिन्यांनी येणाऱ्या नातेवाइकाच्या नजरेला वैद्यकीय मोल आहे. रोज पाहणाऱ्यांना न दिसलेला बदल तिला दिसतो. फक्त ‘आकार’ आणि ‘बदल’ यांत तिने फरक करायला हवा. कुणी पूर्वीपासून बारीक किंवा पूर्वीपासून भरलेले असेल, तर ते तिच्या नोंदीचे काम नव्हे. पण सहाबारा महिन्यांत कुणी प्रयत्न न करता उतरलेले दिसले, कपडे सैल झाले, बांगड्या कोपरापर्यंत सरकू लागल्या, तर ते सांगायलाच हवे. मूळ वजनाच्या पाच टक्के वजन आपोआप कमी झाले तर आपण मधुमेह, थायरॉइड, क्षय, नैराश्य आणि वयस्कांत कर्करोगही शोधतो. साठ किलोच्या माणसात हे जेमतेम तीन किलो. आणि वाढत्या मुलात तर वजन नुसते थांबले तरी विचारावे. दोन वर्षांपूर्वी आत्याने खरेच फोन केला. बडोद्याच्या काकांचा सदरा खांद्यावरून उतरल्यासारखा तिला वाटला होता. त्यांची साखर तीनशेच्या वर निघाली. पंगतीत ती काही बोलली नव्हती.

कार्यक्रमानंतर घरातल्यांनी एक काम करावे. ज्याच्यावर बोलणे झाले, त्याला त्याच दिवशी एकट्यात एकदा विचारावे, “मघाचं लागलं का?” एवढेच. मग पुढचे दोनतीन महिने डोळे उघडे ठेवावेत. एकत्र जेवायला टाळणे, ‘बाहेर खाल्लं’ असे वारंवार सांगणे, जेवल्याबरोबर न्हाणीघरात जाणे, एकाएकी सैल कपडे, सतत थंडी वाजणे, पाळी चुकणे, दार लावून व्यायाम. यातली दोन लक्षणे जोडीने दिसली, तर वाट पाहू नये. आणि हे मुलांतही होते, फक्त मुलींत नव्हे.

शेवटी आपल्या व्यवसायबंधूंसाठी. आपण घरी गेलो तरी आपली पदवी बाहेर चपलांपाशी राहत नाही. आत्या, मावशी, सासू यांना आपल्या म्हणण्याला वजन आणायचे असते तेव्हा त्या आपल्याकडे वळून म्हणतात, “काय डॉक्टर, खरं ना?” त्या क्षणी आपल्या हातात ना टेप असते ना तक्ता. रुग्णाची संमती तर मुळीच नसते. मी आता एकच उत्तर देतो आणि हसून देतो: “पंगतीत मी फक्त जेवतो. तपासायचं असेल तर दवाखान्यात या.” मग खरेच काही शंका वाटली, तर दुसऱ्या दिवशी आईवडिलांना फोन करतो.

गेल्या महालक्ष्म्यांना ती मुलगी माझ्या शेजारच्याच पाटावर होती. काकूंनी विचारले, “आणखी एक पोळी वाढू?” तिने ताटाकडे पाहिले आणि म्हणाली, “अर्धी.” काकूंनी अर्धीच वाढली. कुणी काही बोलले नाही. आत्या आमटी भुरकत होती.